बॅग आली, पण लग्न उरकल्यावर

"दादा, एअरपोर्टवर फॉर्म भरलाय, बॅग पण आली आता. लग्न झाल्यावर आली, पण आली. आता लिहून काय मिळणार? तुमच्याकडं चालतात कायदे, इथं कोण विचारतंय!" ताईच्या उशिरा आलेल्या बॅगेची भरपाई एअरलाईनकडं लेखी माग, असं मी इथून जर्मनीहून सांगितलं, त्यावर हा संजूचा मेसेज, जुळे सोलापूरहून.

संजू, कायदा तोच आहे रे, जर्मनीचा वेगळा अन् आपला वेगळा असं काही नाही. 1999 चा माँट्रियल करार, भारत त्यात 2009 पासून आहे, म्हणजे फ्रँकफर्टहून मुंबईला आलेल्या ताईच्या बॅगेला तोच लागतो. फरक एवढाच की इकडं माणसं गुपचूप ईमेल लिहितात आणि आपल्याकडं काउंटरवर भांडण होतं, मग फेसबुकवर पोस्ट, मग कुणाचा तरी साडू एअरपोर्टला असतो त्याला फोन. त्या फोनाला मी नावं ठेवणार नाही हां, कारण बॅग शेवटी त्यामुळंच हलली असेल कदाचित, इकडं तर कॉल सेंटरवाला फोन उचलायलाच अर्धा तास लावतो. पण पैसे मागायचे तर कागदच लागतो.

आता तो फॉर्म. बेल्टवर बॅग आली नाही म्हणून ताईने भरला तो पीआयआर, त्यावर बॅग शोधायचा नंबर असतो. तो बॅग हरवल्याची नोंद आहे, भरपाईची मागणी नाही, आणि बऱ्याच एअरलाईन नेमकं हेच सांगून हात झटकतात. उशिरा आलेल्या बॅगेची लेखी तक्रार बॅग हातात पडल्यापासून 21 दिवसांच्या आत एअरलाईनकडं पोचवावी लागते. ती मुदत गेली की दावा मेला, मग कोर्टात जायला दोन वर्षं असतात त्यांचाही उपयोग नाही. म्हणून बॅग आणून देणाऱ्याने सही घेतली त्या पावतीवरची तारीख आधी बघ.

हे फॅमिली ग्रुपवर टाकलं तर नाना म्हणाले, "बॅगेचे पैसे किलोवर मिळतात, ताईची बॅग हलकी होती, सोडून द्या." नाना अगदीच चूक नाहीत, जुन्या वॉर्सा करारात वजनावरच होतं. आता प्रवाशामागे एकच कमाल मर्यादा आहे, डिसेंबर 2024 पासून 1519 एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक, रुपयात पावणेदोन लाखांच्या पुढंमागं. पण ही मर्यादा झाली, बक्षीस नव्हे, जेवढं नुकसान बिलाने दाखवाल तेवढंच मागायचं. मग वहिनी मधेच, "माझ्या सुटकेसचं चाक तुटलं होतं गेल्या दिवाळीत, त्याचं पण टाका ना यात." वहिनी, मोडतोडीला सातच दिवस असतात हो, तुमचं चाक गेलं ते गेलं.

ताईने काय केलं ते बघ. थायरॉइड आणि बीपीच्या गोळ्या बॅगेत होत्या, म्हणून सात रस्त्याच्या मेडिकलमधून नव्या घेतल्या, त्यासाठी डॉक्टरची फी दिली. शालू आणि जावयाची शेरवानी बॅगेत अडकली, मग हळदीच्या आदल्या संध्याकाळी नवी पेठेत धावपळ, नवी साडी, रेडीमेड ब्लाऊज, तो पण रात्रीत ऑल्टर करून घेतला. माझ्या हिशोबाने पत्रात एवढंच पुरे:

"फ्लाइट अमुक, तारीख अमुक, बॅग टॅग नंबर अमुक, पीआयआर नंबर अमुक. बॅग अमुक तारखेला मिळाली. उशिरामुळे करावा लागलेला खर्च: औषधं, डॉक्टर, लग्नाचे कपडे, शिलाई. बिलं आणि पत्रिका सोबत जोडली आहेत. एकूण अमुक रुपये या खात्यात भरावेत."

पत्रिका जोडायची कारण त्यावर तारीख आहे, नाहीतर ते विचारणारच की एवढी भारी साडी तातडीची कशी. वेबसाइटच्या फॉर्मवर टाका, ईमेलही करा, आणि पोच आल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

इथं माझी शेजारीण बॅगेज डेस्कवर होती बरीच वर्षं, तिने दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्यात. कपड्यांचे बहुतेक अर्धेच देऊ करतील, कारण साडी ताईकडंच राहिली. आणि औषधांवर म्हणतील की रोजच्या गोळ्या हँडबॅगेत का नाही ठेवल्या, नियमांत लिहिलंय की. करारात प्रवाशाच्या हलगर्जीपणाने भरपाई कमी करायची तरतूद आहेच, त्यामुळं हा मुद्दा अगदी पोकळ नाही, पण बॅग उशिरा आणली त्यांनी, तेव्हा गोळ्यांचं बिल लावायचंच, कापलं तर कापू दे. लग्नात झालेल्या मनस्तापाचे पैसे मात्र करारातून मिळतील असं तिला वाटत नाही. ग्राहक आयोगात मागून बघावं असं नाना म्हणतात, आणि यावर दोघांत कोण बरोबर ते मला सांगता येणार नाही.

संजूचा ड्राफ्ट आलाय. त्यात पहिलं पानभर काउंटरवरचा माणूस कसा उर्मट बोलला तेच होतं, ते मी काढलं, संजूला राग आला. डॉक्टरच्या पावतीचा फोटो ताईने अजून पाठवला नाही आणि मुदत शुक्रवारी संपते, म्हणून म्हटलं पत्र आजच पाठव, पावती मागाहून जोडता येईल.