सोमवारची यादी

घटस्थापनेला आमच्याकडे घटाआधी सेल्सची स्पर्धा बसते. मी डीलरांना फ्रीज आणि वॉशिंग मशीन विकतो. यंदाचा कागद आला तेव्हा अर्ध्या पानावर बक्षिसं होती: पहिल्याला थायलंड, दुसऱ्याला मोबाइल, तिसऱ्याला ट्रॉली बॅग. (बॅग खरं तर पहिल्याला लागते, पण असो.) नियम मात्र खाली, औषधाच्या बाटलीवर असतात तेवढ्या अक्षरांत.

त्यातला गुणांचा तक्ता आधी वाचावा. डबल डोअर फ्रीजला 1 गुण, फ्रंट लोड मशीनला 2 आणि कुणी नाव न काढणाऱ्या एका जांभळ्या सेमी-ऑटोमॅटिकला थेट 5! गोडाऊनमध्ये काय कुजतंय हे स्टॉकच्या रिपोर्टपेक्षा या तक्त्यात लवकर कळतं.

दर सोमवारी सकाळी ग्रुपवर यादी पडायची. क्रम गुणांवर नाही, टार्गेटच्या टक्क्यांवर. माझं टार्गेट 200 गुणांचं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत 150 केले, म्हणजे 75 टक्के. आमचा एक सहकारी लहानशा तालुक्यात काम करतो. त्याचं टार्गेट 20, केले 22. एकशे दहा टक्के, पहिला नंबर, नावापुढे मुकुट. माझ्या एका डीलरने एका दुपारी उचललेला माल त्याच्या सबंध नवरात्राएवढा होता, पण मुकुटाला बेरीज कळत नाही.

तरी नंबरात होतो. मग चौथ्या सोमवारी नाव लाल झालं: ‘अपात्र’. सगळ्यात बारीक अक्षरांतला नियम असा, की थकबाकीची 90 टक्के वसुली नसेल तर गुण धरायचे नाहीत. माझी येणी 40 लाखांची, म्हणजे 36 लाख यायला हवे होते; आले होते 34. गाडी काढली आणि सगळ्यात मोठ्या डीलरकडे गेलो. काजूकतली पुढे करत शेठ म्हणाले, “अहो साहेब, लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर लक्ष्मी घराबाहेर काढतात का?” याला उत्तर आमच्या ट्रेनिंगमध्ये नाही. दोन काजूकतल्या खाल्ल्या आणि भाऊबीजेनंतरच्या तारखेचा चेक घेतला. वसुलीत तो धरला गेला नाही, कारण चेक वटल्याशिवाय पैसे आले असं अकाउंट्सवाले मानत नाहीत. एरवी मीही मानत नाही.

शेवटच्या आठवड्यात मुकुटवाल्याला मोठ्या तालुक्यातल्या एकाने मागे टाकलं. तीन सोमवार हा यादीच्या तळाशी होता. ऑर्डरी खिशात ठेवून त्याने सगळी बिलं एकदम फाडली. त्यात जांभळी मशीनंच जास्त. डीलरांना म्हणे सांगितलं होतं, “आत्ता उचला, नाही खपलं तर बघू.” पाडव्याला हार घातला, फोटो निघाला, गडी तत्काळमध्ये पासपोर्ट करायला धावला.

परत आलेला माल दिवाळीनंतर 30 दिवसांपर्यंत गुणांतून वजा होतो, हा नियम पानाच्या मागच्या बाजूला होता. तुळशीचं लग्न लागेपर्यंत जांभळी मशीनं टेम्पोतून गोडाऊनला परत यायला लागली. अंतिम यादीत गडी सहावा. पासपोर्ट मात्र दहा वर्षं चालेल.