८५० रुपये नुसत्या सफाईचे नव्हते, साहेब

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा): "घड्याळाची नुसती सफाई, तिचे ८५० रुपये आणि वर तीन दिवस! हेच काम अल्ट्रासॉनिक मशीन पाच मिनिटांत करतं. परभणीत दुसरं दुकान बघा."

दुकानाचं उत्तर:

नमस्कार साहेब. तीन दिवस लागले आणि मधे आमचा एक फोनही गेला नाही, त्याबद्दल माफ करा. पण "नुसती सफाई" हे शब्द वाचून फार वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

सफाईचे १५० रुपयेच होते, पावतीवर वेगळे लिहिलेत. बाकीचं काम कशामुळे निघालं ते तुम्हीच काउंटरवर सांगितलं होतं. चष्मा धुवायच्या मशीनमध्ये आख्खं घड्याळ दहा मिनिटं बुडवलं, आणि तेव्हापासून काचेला आतून वाफ धरतेय. मागचं झाकण उघडलं तर आत पाण्याचे थेंब, झाकणाचं जुनं गॅस्केट कडक झालेलं, आणि रोटरचा स्क्रू सैल. रोटर म्हणजे ऑटोमॅटिक घड्याळात हात हलला की फिरणारं वजन. आतलं यंत्र सोडवून वाळवलं, स्क्रू कसला, तेल दिलं, गॅस्केट बदललं. मग दीड दिवस वेळ धरतंय का ते बघितलं. तीन दिवस तिथे गेले.

मशीन वाईट नाही, आमच्याकडेही आहे. तिच्या कंपनाने पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि सांध्यातला मळ सुटतो. पण तीच कंपनं आतल्या स्क्रूलाही बसतात, आणि जुनं गॅस्केट पाणी अडवेल याचा भरवसा नसतो. डायलवर वॉटर रेझिस्टंट लिहिलंय ते नव्या गॅस्केटच्या जोरावर. म्हणून आम्ही त्यात फक्त स्टीलचा पट्टा टाकतो, तोही घड्याळापासून सोडवून. सोनेरी किंवा काळा मुलामा कुठे उडाला असेल तर तोही टाकत नाही, तिथून आणखी पापुद्रे सुटतात.

घरी करायचं तर मशीन लागतच नाही. पट्टा सोडवून कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकून दहा मिनिटं भिजवा, मऊ टूथब्रशने कड्यांच्या फटी घासा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचं पाणी फिल्टरचं घ्या आणि रात्रभर वाळू द्या. घड्याळाची केस मात्र चावी आत दाबून नुसत्या ओलसर कापडाने पुसायची. टूथपेस्ट नको, चकाकीवर ओरखडे उठतात. (तुमच्या केसवर होते ते आमचे नाहीत, घेतानाच दाखवले होते.)

इथून पुढे खर्च वाढणार असेल तर आधी विचारू, तसं पोराला सांगितलंय. तुमचं जुनं गॅस्केट पुडीत ठेवलंय. कधीही या, हातात घेऊन बघा.