व्हायटल साइन्स आणि फ्लिप्ड क्लासरूम: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

«फ्लिप्ड क्लासरूम म्हणजे व्हिडिओची लिंक ग्रुपवर टाकून शिक्षकांनी मोकळं व्हायचं. व्हायटल्स, म्हणजे नाडी, श्वसन, तापमान आणि बीपी, हे हाताचं काम, ते व्हिडिओ बघून येत नाही. फर्स्ट इयरची मुलं घरी काही बघतही नाहीत. आणि आता सगळीकडे डिजिटल मशीन आहे. एक लेक्चर, एक डेमो, रिटर्न डेमो, विषय संपला.»

मोकळं होण्याचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीचे मुद्दे त्यावर उभे आहेत. वीस विद्यार्थ्यांची बॅच, पाच बीपी अ‍ॅपरेटस, दोन शिक्षक आणि १२० मिनिटांचं प्रॅक्टिकल धरा. ५० मिनिटं लेक्चर आणि ३० मिनिटं डेमो झाला की ४० मिनिटं उरतात. चौघांच्या गटाला एक अ‍ॅपरेटस मिळतो. एकाला नीट बीपी मोजायला आणि त्यावर दोन शब्द ऐकायला आठ मिनिटं लागतात, म्हणजे सगळ्यांची एक पाळी व्हायला ३२ मिनिटं. प्रत्येकाच्या वाट्याला एकच प्रयत्न येतो, आणि तोही शिक्षक बहुधा दुसऱ्या टेबलापाशी असताना.

लेक्चर आणि डेमो आदल्या दिवशी घरी पाठवला, तर त्याच १२० मिनिटांत सुरुवातीला १० मिनिटं लेखी चाचणी, १० मिनिटं तिच्यातल्या चुकांवर बोलणं आणि मग १०० मिनिटं हातात राहतात. आठ-आठ मिनिटांच्या चार पाळ्या, अशा तीन पूर्ण फेऱ्या. गटात एक जण मोजतो, एक रुग्ण होतो, एक जण चेकलिस्ट घेऊन बघतो आणि चौथा नोंद ठेवतो. नोंद ठेवणाराच पुढचा रुग्ण असतो. तो खुर्चीला पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून बसलेला असतो, त्यामुळे मोजण्याआधीची पाच मिनिटांची विश्रांती आपोआप मिळते. शिक्षकांसाठी हा तास लेक्चरपेक्षा जड जातो. तिन्ही फेऱ्यांत मिळून त्यांनी प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर एकदा टीचिंग स्टेथोस्कोप लावायचा असतो. त्याला कानात घालायच्या दोन जोड्या असतात, त्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी तोच आवाज एकाच वेळी ऐकतात. दोघांनीही आकडा आधी कागदावर लिहायचा, मग एकमेकांना दाखवायचा. चारपेक्षा जास्त मिमी फरक आला तर पाळी पुन्हा घ्यायची.

हात व्हिडिओने तयार होत नाही, हे अगदी खरं आहे. म्हणून तर हाताचं काम वर्गात आणायचं आणि कान-डोळ्यांचं काम घरी पाठवायचं. घरच्या साहित्यात पाच-सहा मिनिटांचे दोनच व्हिडिओ असावेत. पहिल्यात डायलची सुई खाली येताना दिसते आणि कोरोटकॉफ ध्वनी, म्हणजे कफखालच्या धमनीतले ठोके, ऐकू येतात. विद्यार्थ्याने थांबवून सिस्टोलिक-डायस्टोलिक लिहायचं. दुसऱ्यात मुद्दाम चुका केलेलं मोजमाप दाखवायचं: कफ बाहीवरून बांधलेला, हात मांडीवर लोंबता, रुग्ण बोलतोय. त्या चुका शोधून आणायच्या. आवाज ऐकवणारा व्हिडिओ आणखी एका कारणाने लागतो. वर्गातल्या एकोणीस वर्षांच्या मित्रमैत्रिणींचं बीपी बहुतेक ११०/७० च्या आसपास असतं, आणि दोन फेऱ्यांनंतर विद्यार्थी ऐकण्याआधीच तो आकडा धरून बसतात.

ऑस्कल्टेटरी गॅप हे याचं सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण. समजा रुग्णाचं खरं सिस्टोलिक १७८ आहे, पण १६० ते १४० च्या दरम्यान आवाज नाहीसा होतो आणि १४० पासून पुन्हा सुरू होतो. विद्यार्थ्याने सवयीने कफ १६० पर्यंत फुगवला, तर त्याला पहिला ठोका १४० ला ऐकू येईल. तो १४०/९० लिहील आणि त्याला स्वतःला काहीच चुकल्यासारखं वाटणार नाही. हे टाळायला आधी मनगटावरची नाडी चाचपत कफ फुगवायचा. ती सुमारे १७८ ला लागेनाशी होते. कफ पूर्ण रिकामा करायचा, एक मिनिट थांबायचं, मग त्या आकड्याच्या ३० वर, म्हणजे २१० च्या आसपास फुगवून ऐकायचं. घरी हा आवाज ऐकून आलेला विद्यार्थी वर्गात नाडी चाचपण्याची पायरी गाळत नाही, कारण ती कशासाठी आहे हे त्याने कानाने ऐकलेलं असतं.

कफमधली हवा सोडणारा व्हॉल्व्ह मात्र वर्गातच शिकावा लागतो. सुई सेकंदाला २ ते ३ मिमी उतरायला हवी. म्हणजे १६० वरून ६० पर्यंत यायला साधारण ३५ ते ५० सेकंद लागतात. चेकलिस्टवाल्याने घड्याळ लावून हे बघायचं. पंधरा सेकंदांत खाली आलेली सुई सेकंदाला सहा-सात मिमी पडलेली असते. मिनिटाला साठ ठोके असतील तर दोन ठोक्यांच्या मधेच तेवढा आकडा निसटतो. सिस्टोलिक कमी आणि डायस्टोलिक जास्त लिहिलं जातं. नोंदवहीतूनही चूक पकडता येते. डायलवर खुणा दोन-दोनच्या असतात, त्यामुळे विषम आकडा आला तर तो अंदाजे लिहिलेला आहे, आणि सगळेच आकडे शून्याने संपत असतील तर विद्यार्थी जवळच्या दहावर ढकलतोय.

घरी कोणी बघत नाही, ही तक्रार लिंकपुरतीच खरी ठरते. लिंकबरोबर हाताने करायचं काम द्या. तीन माणसांची मनगटावरची नाडी आधी पूर्ण मिनिट आणि मग १५ सेकंद मोजून चारने गुणून लिहायची; श्वसनाचंही तसंच. श्वास मोजताना बोटं नाडीवरच ठेवायची, कारण आपला श्वास मोजला जातोय हे कळलं की माणूस तो बदलतो. याला घड्याळाशिवाय काहीही लागत नाही. १५ सेकंदांत एक श्वास जास्त मोजला गेला तर १६ चे २० होतात, हे विद्यार्थ्याला स्वतःच्याच तक्त्यात दिसतं. तिन्ही माणसांचे दोन्ही आकडे तंतोतंत जुळले असतील, तर तक्ता बसून भरलेला असण्याचीच शक्यता जास्त. अशा विद्यार्थ्याला तिथेच नाडी मोजायला लावा. हॉस्टेलवर डेटा पुरत नसेल तर व्हिडिओ कमी आकाराच्या फाइलने द्या. आणि तरीही काही जण न बघता आलेच, तर त्यांच्यासाठी लेक्चर पुन्हा घेऊ नका. एकदा घेतलं की पुढच्या वेळी कोणीच बघून येत नाही. बाकीचे चाचणी सोडवत असताना त्यांनी कोपऱ्यात व्हिडिओ बघायचा आणि पहिल्या फेरीत नोंद ठेवण्यापासून सुरुवात करायची.

डिजिटल मशीन कफमधले दाबाचे हेलकावे वाचून आकडा काढतं. नाडी अनियमित असेल, उदाहरणार्थ एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय कफ निवडणं आणि हात ठेवणं माणसाच्याच हातात राहतं. कफच्या आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. जाड दंडाला लहान कफ बांधला की बीपी जास्त दिसतं. हात हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटीमीटर खाली असेल तर सुमारे ८ मिमी जास्त. या दोन्ही चुका मशीनही तितक्याच करतं. म्हणून तिसऱ्या फेरीत सोबत मुद्दाम डिजिटल मशीनही ठेवावं, आणि एकाच व्यक्तीचं बीपी हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवून आणि मग हात खाली सोडून असं दोनदा मोजायला लावावं.

या पद्धतीची खरी अडचण मेसेजमध्ये आलेलीच नाही. साठ जणांना एकाच वेळी दोन अ‍ॅपरेटसवर बसवलं, तर पाळ्यांचं हे गणित कोसळतं आणि घरचा अभ्यास वाया जातो. अशा कॉलेजात आधी बॅचेस पाडाव्यात. ते जमत नसेल तर बीपी पुढच्या प्रॅक्टिकलवर ढकलून या वेळी फक्त नाडी, श्वसन आणि तापमान याच पद्धतीने घ्यावं.