काकांची हरकत

बांधकामाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिताना काकांची हरकत टिपायची विसरलेल्या नवख्या मुलीची ही कथा. ती वाचून कुणी म्हणालं: "एक ओळ राहिली तर एवढं काय? पुढच्या बैठकीत दुरुस्ती झालीच असती."

तोवर स्लॅबखालचे टेकू निघाले असते ना! कथेतला स्लॅब ५ मीटर गाळ्याचा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर ५ मीटर. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे ४.५ मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याला टेकू किमान १४ दिवस ठेवायचे, आणि बैठकीत ठरलं दहाव्या दिवशी काढायचं. काका एकदाच पुटपुटले, "घाई होतेय," आणि विषय पुढे सरकला. नवखी माणसं 'काय ठरलं' तेवढंच टिपतात, हरकत गळून जाते. तिने त्याच संध्याकाळी काकांना वाक्य दाखवलं, मग त्यांच्या नावानिशी सुधारित इतिवृत्त सगळ्यांना पाठवलं, हे पटलं. गुपचूप फाईल बदलली असती तर कंत्राटदाराकडे जुनीच प्रत राहिली असती. साहेबांचा राग मात्र लेखकाने फारच लवकर विरघळवला.