नेलपॉलिश रिमूव्हर सगळीकडे चालत नाही

"स्टिकरचा चिकटा कशावरचाही नेलपॉलिश रिमूव्हरने निघतो, ओरखडाही येत नाही."

काचेपुरतं खरं आहे. पण रिमूव्हरमध्ये बहुधा ॲसिटोन असतं आणि ते कडक पारदर्शक प्लास्टिकलाच विरघळवतं. आमच्या फ्रिजच्या भाजीच्या ट्रेवर मी कापसाचा एकच बोळा फिरवला आणि पांढुरका डाग पडला, तो कायमचा. तिथे पृष्ठभागच वितळलेला असतो, त्यामुळे घासून काही उपयोग नाही. लाकडाचं पॉलिशही असंच उतरतं. बोळा तपकिरी झाला की लगेच थांबा.

प्लास्टिकवर आधी कागद सोलून घ्या, खोबरेल चोळा आणि अर्धा तास तसंच राहू द्या. चिकटा मऊ होऊन बोटाखाली गोळ्या होऊन सुटतो. मग भांड्यांच्या साबणाने धुवा. पॉलिशच्या लाकडावर थेंबभर तेल पुरतं. कच्च्या लाकडावर मात्र तेल नकोच, ते आत मुरतं.