निशाणी : कोडे

माझे नाव परशराम कल्लाप्पा पाटील. हे वाक्य वाचायला जेमतेम दोन सेकंद लागतात आणि त्यात अडखळण्यासारखे काहीही नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु 1997 च्या जुलै महिन्यात, बेळगावजवळच्या आमच्या हायस्कुलाच्या पत्र्याच्या सभागृहात, सुमारे तीनशे मतदारांपुढे हेच वाक्य म्हणता यावे म्हणून मी नऊ दिवस खपलो होतो आणि तरीही ते मला शेवटपर्यंत धड म्हणता आले नाही.

निमित्त होते शालेय मंत्रिमंडळाच्या निवडणुकीचे. आमच्या आवारात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही माध्यमांचे वर्ग भरत आणि आठवी ते दहावीची सगळी मुले मिळून एक मुख्यमंत्री निवडत असत. चार उमेदवार होते. प्रत्येकाला भाषणासाठी साठ सेकंद मिळणार होते आणि त्यातच स्वतःची ओळखही करून द्यायची होती. निवडणूक अधिकारी म्हणून नेमलेल्या समाजशास्त्राच्या सरांनी बजावले होते की, उमेदवाराने माइकला हात लावला की वेळ सुरू होईल आणि शिपाईमामांनी घंटेवर टोल दिला की वाक्य कुठेही असो, माइक बंद होईल. निशाण्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या, तेव्हा सायकल, पतंग आणि कंदील इतरांना गेले व माझ्या वाट्याला छत्री आली. बाहेर तरण्या पावसाने आठवडाभर झोडपून काढले होते, त्यामुळे हा शुभशकुन आहे अशी माझी प्रामाणिक समजूत झाली.

भाषण मी एका बैठकीत लिहिले. ते आक्काला वाचून दाखवले, तेव्हा तिने बाबांचे घड्याळ हातात धरले होते. शब्द भरले दोनशे चौदा आणि वेळ लागला एक मिनिट बावन्न सेकंद. मराठीत जरा सावकाश, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असे बोलायचे म्हटले तर मिनिटाला एकशे दहा-पंधरा शब्दांच्या पलीकडे जाता येत नाही, हे मला त्या संध्याकाळी समजले. वक्तृत्व स्पर्धेत पाच मिनिटे मिळतात, त्यामुळे ही गोष्ट तिथे कधी लक्षातच येत नाही.

आक्काने पहिली कात्री लावली ती नमनाला. 'आदरणीय व्यासपीठ, व्यासपीठावर विराजमान सन्माननीय मुख्याध्यापक, सर्व गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो' हे तेरा शब्द उच्चारायला मला पुरते अकरा सेकंद लागत होते. म्हणजे मिनिटाचा सहावा हिस्सा मी अशा मंडळींना वाहत होतो ज्यांच्यापैकी निम्म्यांना मत नव्हते, आणि त्यांतला पहिला मान तर चक्क लाकडी फळ्यांना जात होता. "व्यासपीठ तुला मत टाकणार आहे काय रे?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. नमन तीन सेकंदांवर आले. मला मात्र त्या दिवशी देवळात चपला घालून शिरल्यासारखे वाटत राहिले.

त्यानंतर माझा परिचय. त्यात मी माझे गाव, वडिलांचा धंदा, आजोबांची वारी, चौथीत मिळालेली शिष्यवृत्ती, कबड्डीतला तालुक्याचा सामना आणि मला वाचनाची व पोहण्याची आवड असल्याचा उल्लेख केला होता. आक्काने ते सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तुला बघायला कोणी येऊलालेत काय? उंची आणि रास तेवढी राहिली बघ." मला राग आला, पण तिचे म्हणणे खोटे नव्हते. लग्नाच्या स्थळाला जे विचारतात ते मतदाराला नको असते. त्याच्या डोक्यात अर्ध्या तासानंतर, हातात चिठ्ठी आणि शिक्का असताना, एवढेच शिल्लक राहायला हवे की मघाशी बोलला तो मुलगा या कागदावर नेमका कोणत्या ओळीत आहे. बाकीचा परिचय कितीही गोड असला तरी त्या ओळीपर्यंत पोहोचवत नसेल, तर तो वाया गेला.

आणि माझी खरी अडचण त्या ओळीतच होती. दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर उमेदवारांची यादी लागली, तेव्हा नावे हजेरीपटाप्रमाणे, म्हणजे आमच्या भागात चालते तशी आडनाव आधी आणि मग आद्याक्षरे, अशी होती. मी होतो 'पाटील पी. के.' आणि माझ्या लगेच खाली, दहावी ब मधला पतंगवाला होता 'पाटील पी. एम.' आमच्याकडे दगड मारला तर तो पाटलाला लागतो असे म्हणतात. इथे तर दोन पाटील एकाखाली एक, आद्याक्षरासकट जुळे होऊन बसले होते. मला घरात परशा म्हणत, वर्गात परशराम म्हणत आणि मैदानावर तर वेगळेच काही म्हणत, पण पी. के. या नावाने मला हजेरीपटाखेरीज कोणीही ओळखत नव्हते. मी माइकवरून कितीही खणखणीत आवाजात 'परशराम कल्लाप्पा पाटील' असे ओरडलो असतो, तरी चिठ्ठीवर त्या नावाचा माणूसच नव्हता.

म्हणून आक्काने आणि मी मिळून जो परिचय ठरवला तो असा होता : "मी परशराम पाटील, दहावी अ. चिठ्ठीवर माझे नाव 'पाटील पी. के.' असे आहे आणि माझी निशाणी छत्री." सतरा शब्द, दहा सेकंद. यात कानावर पडणारे नाव आणि डोळ्यांना दिसणारे नाव यांची गाठ मारलेली होती, आणि ज्यांना पी. के. व पी. एम. यांतला फरक लक्षात राहणार नाही त्यांच्यासाठी छत्री होती. शेवटच्या तीन सेकंदांत हीच गाठ पुन्हा एकदा आवळायची, कारण घंटा वाजताना जे कानात असते तेच मतपेटीपर्यंत जाते, असा आक्काचा सिद्धान्त होता. मधल्या वेळात एकच आश्वासन ठेवले : पाण्याच्या टाकीच्या तीन मोडक्या तोट्या. ('पी के' या शब्दांचा हिंदीत भलताच अर्थ होतो हे मागच्या बाकावरच्या मंडळींनी मला लगेच दाखवून दिले, पण हजेरीपट बदलणे माझ्या हातात नव्हते.)

इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु सभागृहात निम्मी मुले कन्नड माध्यमाची बसणार होती आणि त्यांना त्यांच्या भाषेत निदान एक वाक्य तरी ऐकवावे, असे मला मनापासून वाटले. सीमाभागातल्या माणसाला दुसरी भाषा समजायला त्रास होत नाही, पण बोलताना मात्र ती आपल्या तोंडातून किती शुद्ध निघते याची त्याला उगीच काळजी लागते. मी कबड्डीतल्या माझ्या कन्नड मित्राकडे गेलो. तो घरी आणि मैदानावर छत्रीला सरळ छत्रीच म्हणत असे. पण भाषण म्हटल्यावर त्याला पाठ्यपुस्तक आठवले आणि त्याने मला ग्रांथिक शब्द काढून दिला : कोडे. "नन्न हेसरु परशराम, नन्न गुरुतु कोडे," म्हणजे माझे नाव परशराम, माझी निशाणी छत्री. पाच सेकंद. मी ते वाक्य इतके घोटले की झोपेतही म्हणू शकलो असतो. घरच्यांपुढे मात्र ते एकदाही म्हटले नाही. म्हटले असते तर आक्काने तिथेच मला अडवले असते.

भाषणाच्या दिवशी माझा क्रमांक तिसरा होता. माइक माझ्या आधीच्या उमेदवाराच्या उंचीचा होता. तो खाली घेताना मी त्याला हात लावला, मामांनी घड्याळाकडे पाहिले आणि माझे चार सेकंद एका स्क्रूवर खर्च झाले. त्यात मी सवयीने "हॅलो, हॅलो" असे म्हटले, ते आणखी दोन सेकंद. नमन झाले. 'मी परशराम पाटील, दहावी अ' इथवर आलो आणि बाहेरची सर अशी काही कोसळली की पत्र्यावर शेंगांची पोती उपडी केल्यासारखा आवाज झाला. 'चिठ्ठीवर माझे नाव पाटील पी...' एवढेच पुढच्या तीन रांगांनी ऐकले, असे मला नंतर सांगण्यात आले. म्हणजे ज्या एका अक्षराने मी पतंगवाल्यापासून वेगळा होणार होतो, तेच पावसाने नेले.

मी मूर्खासारखा थांबलो. आवाज ओसरण्याची वाट पाहण्यात सात-आठ सेकंद गेले असावेत. जरा शांतता होताच मी मराठी छत्री विसरलो आणि घाईने थेट कन्नड वाक्यावर गेलो. सभागृहात माझा आवाज पहिल्यांदाच स्वच्छ घुमला : "नन्न गुरुतु कोडे!"

मराठी मुलांना पहिले दोन शब्द कळले, कारण ते सगळ्यांनाच कळतात. तिसरा शब्द तर त्यांचाच होता. माझी निशाणी कोडे. एक क्षण कोणी हलले नाही आणि मग मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "मग उत्तर काय?" त्यानंतर जो हशा उठला त्याने पावसालाही मागे टाकले. कन्नड मुलांना मराठी मुले का हसतात ते उमगेना, पण त्यांच्यातल्या काहींना ते उमगले आणि त्यांनी शेजाऱ्यांना समजावून सांगितले, त्यामुळे हशाची दुसरी लाट आली. सभागृहातल्या हशाला किती सेकंद लागतात याचा हिशेब आम्ही घरी धरलाच नव्हता. मी तोट्यांपैकी पहिल्या तोटीपर्यंत पोहोचलो होतो, तेवढ्यात टोल पडला आणि दुसऱ्यांदा सांगायचे माझे नाव बंद माइकमध्ये राहून गेले.

सायकल निवडून आली. मला अठ्ठावन्न मते पडली आणि पतंगाला एकाहत्तर. बाद चिठ्ठ्यांपैकी चौदा चिठ्ठ्यांवर दोन्ही पाटलांपुढे शिक्के होते, आणि त्या मतदारांचा मी आजही ऋणी आहे. सरांनी मला बाजूला बोलावून सांगितले, "पाटील, परिचय चांगला होता रे, पण तो कोणाचा होता ते कळले नाही."

मागच्या दिवाळीत गणपत गल्लीत कंदील घेत असताना गर्दीतून हाक आली, "ए कोडे!" मी ताबडतोब वळलो. कन्नड माध्यमातला एक जण होता. केस पांढरे झाले होते, पण चेहरा ओळखीचा निघाला. आम्ही कडकडून भेटलो, मुलाबाळांची चौकशी झाली, एकमेकांचे फोन नंबर घ्यायचे ठरले. माझा नंबर साठवण्यासाठी त्याने मोबाइल उघडला, बोट वर धरले आणि जरा संकोचून विचारले, "निन्न हेसरु एनो?"