पुरी हलकी झाली, म्हणून तेल प्यायली नाही?

«तेल चांगलं कडकडीत तापलं असेल तर पुरी तेल पीतच नाही. विश्वास नसेल तर वजन करून बघा, तळल्यावर पुरी उलट हलकी होते. वर राहिलेलं तेल टिश्यू पेपर टिपून घेतो. म्हणजे पुरीच्या कॅलरी कणकेएवढ्याच.»

वजनाचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सर्वांना पटतो. पुरी हलकी होते हे निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तळताना एकाच वेळी दोन गोष्टी घडतात : कणकेतले पाणी वाफ होऊन बाहेर जाते आणि तेल आत येते. काटा फक्त या दोहोंतला फरक दाखवतो. 100 ग्रॅम कणीक, 55 ग्रॅम पाणी आणि 5 ग्रॅम तेलाचे मोहन घालून भिजवलेल्या 160 ग्रॅम गोळ्याच्या दहा पुऱ्या लाटल्या असे धरू. तळताना 25 ग्रॅम पाणी गेले आणि 20 ग्रॅम तेल आत आले, तर पुऱ्यांचे वजन 155 ग्रॅम भरेल. पाच ग्रॅमची घट दिसेल आणि वीस ग्रॅम तेल तिच्याआड लपून राहील.

आता हिशेब पाहा. कणकेच्या सुमारे 340 आणि मोहनाच्या 45 मिळून कच्च्या गोळ्यात 385 कॅलरी होत्या. एक ग्रॅम तेल 9 कॅलरी देते, म्हणून 20 ग्रॅम तेलाने 180 वाढल्या आणि बेरीज 565 झाली, म्हणजे पुरीमागे 38 ऐवजी 56. कॅलरी दीडपटीच्या आसपास जातात, पण स्निग्धांश जवळजवळ 7 ग्रॅमवरून 27 ग्रॅमवर, म्हणजे चौपट होतो. पाणी गेल्याने कॅलरी कमी होत नाहीत, कारण पाण्याला कॅलरीच नसतात.

कडकडीत तेलाबद्दलचे म्हणणे अर्धेच खरे आहे. कोमट तेलात पुरी तळाशी रेंगाळते, जास्त वेळ लागतो आणि ती तेलकट होते, हे कोणीही तळणारी व्यक्ती सांगेल. तेल तापलेले असले की वाफ जोराने बाहेर पडते आणि तो जोर असेपर्यंत तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. परंतु तेलाचा मोठा वाटा आत जातो तो पुरी झाऱ्यावर बाहेर काढल्यानंतर. पुरी निवू लागली की आतल्या वाफेचे पाणी होते, बारीक छिद्रांतला दाब घटतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. तेल कितीही तापवले तरी हा टप्पा चुकत नाही. धूर येईपर्यंत तापवल्यास पुरी वरून करपते, एवढेच. शिवाय टम्म फुगलेल्या पुरीपेक्षा भोक पडलेली पुरी घातक, कारण तिच्या पोटातच तेल शिरते.

यावरून टिश्यू पेपरचा उपयोग आणि त्याची मर्यादा दोन्ही कळतात. कागद फक्त बाहेरचे तेल टिपतो, तेही पुरी गरम असताना लगेच टिपले तर. आधी पुऱ्यांची चळत रचून मग निवल्यावर टिपल्यास बरेचसे तेल आत गेलेले असते.

कांदाभजीत फरक आणखी मोठा असतो. कांद्यातले भरपूर पाणी जाते आणि सोड्याने पीठ सच्छिद्र होते. 100 ग्रॅम बेसन आणि 200 ग्रॅम कांदा मिळून कच्च्या मालात साधारण 450 कॅलरी असतात. त्या घाण्यांनी 50 ग्रॅम तेल घेतले, तर आकडा थेट दुप्पट होतो.

हे आकडे प्रत्येक स्वयंपाकघरात बदलतील, म्हणून आपलेच तेल मोजावे. थंड तेलासह कढईचे वजन तळण्यापूर्वी घ्यावे. तळून झाल्यावर कढई पूर्ण निवू द्यावी, तळाशी जमलेला चुरा गाळून काढावा, गाळलेले तेल परत त्याच कढईत घालावे आणि पुन्हा वजन करावे. त्या फरकातून कागद, झारा आणि गाळणीला लागलेले तेल वजा केले की उरते ते पदार्थात गेलेले तेल. मापाने मोजायचे असेल तरी तेल थंडच हवे, कारण गरम तेल प्रसरण पावते. कढईतले सगळे 300 ग्रॅम तेल हिशेबात धरणे मात्र दुसऱ्या टोकाची चूक आहे : त्याने 2700 कॅलरी पुऱ्यांच्या नावावर चढतील आणि त्यांतल्या बहुतेक कढईतच राहिलेल्या असतील.